मेसेजमधल्या तुटक ओळी काय सांगतात? वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कोटेशनची गोष्ट

मागच्या व्हिडिओत आपण कोटेशन कसं वाचायचं ते पाहिलं. त्यात एक गोष्ट घाईघाईत सांगून पुढे गेलो होतो, ती आज नीट लिहून काढतो. कोणी आपल्याला व्हॉट्सॲपवर अटी पाठवतो आणि त्या वाचताना ओळी मध्येच तुटलेल्या दिसतात. आपण म्हणतो, "जाऊ द्या, मजकूर तर कळतोय ना." पण ती तुटलेली ओळ बरंच काही सांगत असते.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचंच उदाहरण घेऊ. त्या घरगुती लोणचं करतात आणि काचेच्या बरण्यांत भरून विकतात. पुण्याच्या एका दुकानदाराने पहिली मोठी ऑर्डर दिली: 40 खोके, एका खोक्यात 12 बरण्या. म्हणजे 480 बरण्या. 140 रुपयांनी धरलं तर 67,200 रुपयांचा माल झाला. त्यांच्यासाठी ही वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम होती.

नागपुरात बाहेरगावी माल पाठवायचा म्हटलं की पाय आपोआप अमरावती रोडने वाडीकडे वळतात. गोडाऊनं तिथे, ट्रक तिथे, बुकिंग ऑफिसं तिथे. ताईंनीही तिथल्याच एका ट्रान्सपोर्टवाल्याला रेट विचारला. त्याने रेट सांगितला आणि पाठोपाठ अटींचा एक लांबलचक मेसेज पाठवला. ताईंनी मोबाईल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "सर, हे असं तुटक-तुटक काऊन दिसते? माझ्या मोबाईलमध्ये काही बिघाड आहे का?"

मेसेजचा मधला भाग असा होता. ओळी जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत:

```
4. माल आमच्या गोडाऊनवर आणून देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची
राहील. वजनात फरक िनघाल्यास प्रत्यक्ष वजनाप्रमाणे भाडे लागेल.
सेवाकर व जकात वेगळी द्यावी लागेल.
5. माल उतरवण्यासाठी गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबल्यास
3
त्याचे हॉल्टिंग चार्ज माल घेणाऱ्याकडून घेतले जातील.
7. भाडे आगाऊ न दिल्यास माल गोडाऊनमधून सोडला जाणार नाही.
```

मोबाईलचा स्क्रीन अरुंद असतो. त्यामुळे यातली प्रत्येक लांब ओळ स्क्रीनवर दोन-तीन तुकड्यांत दिसते. एक-दोन तुकडे भरलेले, मग एक अर्धवट, पुन्हा भरलेले, पुन्हा अर्धवट. उजवीकडची कड करवतीच्या दातांसारखी दिसते. ताईंना तुटक वाटत होतं ते हेच. मोबाईल अगदी ठणठणीत होता.

ओळ तुटते कशामुळे?

आपण मोबाईलवर टाइप करतो तेव्हा ओळ भरली की मजकूर आपोआप खाली सरकतो. तिथे आपण एंटर दाबलेलं नसतं. स्क्रीन रुंद झाला की ती ओळ पुन्हा वर जाते. पण पीडीएफचं काम वेगळं आहे. ॲडोबीने 1993 साली ही पद्धत आणली ती कागद जसा छापायचा तसाच सगळीकडे दिसावा म्हणून. त्यामुळे साध्या पीडीएफमध्ये "हा एक परिच्छेद" अशी नोंद बहुधा नसतेच. हे अक्षर पानावर इथे, ते अक्षर तिथे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. आपण माऊसने मजकूर निवडून कॉपी केला की सॉफ्टवेअर अक्षरांच्या जागा बघून ओळी जुळवतं आणि पानावर जिथे ओळ संपली तिथे बरेचदा खरंखुरं एंटर टाकून देतं. ते एंटर मग मजकुरासोबत व्हॉट्सॲपमध्ये येऊन बसतं.

खात्री करायची असेल तर मोबाईल आडवा करा. आपोआप खाली आलेले शब्द लगेच जागा बदलतात. टाकलेलं एंटर मात्र त्याच शब्दापाशी तसंच राहतं. ताईंच्या मोबाईलवर "पाठवणाऱ्याची" या शब्दानंतरची ओळ आडवा केल्यावरही तिथेच तुटत होती.

हे कॉम्प्युटरवरून आलं असणार, असं मी का म्हटलं? व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर वापरताना एंटर दाबलं की मेसेज थेट जातो. नवीन ओळ हवी असेल तर Shift आणि Enter एकत्र दाबावं लागतं. वाक्याच्या मध्येच, दर ओळीला असं दाबत कोण बसेल? म्हणजे हे टाइप केलेलं नव्हतं, पेस्ट केलेलं होतं. शिवाय पानापेक्षा मोठा मजकूर एका दमात निवडणं बोटापेक्षा माऊसने सोपं जातं. आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टेबलावर कॉम्प्युटर असतोच. हा अंदाज आहे, पुरावा नाही. मोबाईलवरच्या पीडीएफमधून कॉपी केलं तरी ओळी तुटू शकतात.

त्याच मेसेजमधल्या बाकीच्या खुणा

एकट्या तुटक ओळीवर विसंबायचं नाही, तिला जोड शोधायची. या मेसेजमध्ये चार जोड होत्या.

पहिली, पाचव्या अटीच्या मध्येच आलेला एकटा "3". तो पान क्रमांक आहे. वाक्य तिसऱ्या पानावर सुरू झालं आणि चौथ्यावर संपलं, आणि मधला आकडाही कॉपीत आला. म्हणजे मूळ कागद किमान चार पानांचा आहे.

दुसरी, "िनघाल्यास". "निघाल्यास" या शब्दाची वेलांटी पुढे सरकली आहे आणि तिच्याजवळ ठिपक्यांचं गोल चिन्ह दिसतं. मराठीत पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण कॉम्प्युटरमध्ये साठवली जाते अक्षराच्या नंतर. पीडीएफमधून दिसेल त्या क्रमाने अक्षरं उचलली गेली की हा घोळ होतो. हाताने टाइप करताना अशी चूक सहसा होत नाही.

तिसरी, "सेवाकर व जकात". 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि त्यानंतर यातलं काहीच उरलं नाही. म्हणजे मूळ कागद त्याआधीचा आहे, निदान त्याच्या अटी तरी तेव्हापासून कोणी बदललेल्या नाहीत.

चौथी खूण पैशाची होती. 5 नंतर थेट 7. सहावी अट कुठे गेली? आणि मेसेज सुरूच 4 पासून झाला होता, मग 1 ते 3 कुठे?

आता मुद्दा लक्षात घ्या. तुटक ओळीवरून समोरचा माणूस लबाड ठरत नाही. ती एवढंच सांगते की मागे एक पूर्ण कागद आहे आणि तुमच्या हातात त्याचा तुकडा आला आहे. म्हणून करायचं काम एकच: तो पूर्ण कागद मागायचा.

ताईंनी साधा मेसेज केला: "दादा, अटींची पूर्ण पीडीएफ पाठवता का? 6 नंबरची अट यात दिसत नाही." अर्ध्या तासात पीडीएफ आली. पानं चारच होती. सहाव्या अटीत लिहिलं होतं की काचेचा किंवा नाजूक माल फुटल्यास ट्रान्सपोर्टची जबाबदारी नाही, असा माल मालकाच्या जोखमीवर जाईल. फोनवर त्या दादाने सरळ सांगितलं, "मॅडम, तुम्ही लोणचं-मसाला म्हणाल्या, मला वाटलं पाकिटं असतील. काचेची अट तुम्हाला लागू नाही म्हणून काढून टाकली."

म्हणजे फसवणूक नव्हती, गैरसमज होता. पण त्या गैरसमजावर 67,200 रुपयांचा माल ट्रकमध्ये चढणार होता. मग ताईंनी तीन गोष्टी केल्या. खोक्यांमध्ये काच आहे हे बुकिंगच्या वेळीच लेखी सांगितलं. बिल्टीवर ओनर्स रिस्क लिहिलं जाणार की कॅरियर्स रिस्क, हे आधी विचारलं. ओनर्स रिस्क असं उत्तर आल्यावर मालाचा ट्रान्झिट विमा काढला आणि खोक्यांत पुठ्ठ्याचे कप्पे घातले. जुन्या कराच्या ओळीबद्दलही विचारलं, तेव्हा ती खोडून नवीन कोटेशन आलं.

कुठे फसू शकतो?

ओळी तुटण्याची दुसरी कारणंही आहेत. काही जुने ईमेल प्रोग्राम साधारण 70-80 अक्षरांवर स्वतःच ओळ तोडतात. कागदाचा फोटो काढून त्यातून मजकूर उचलला तरी असंच होतं. आणि पत्ता किंवा मालाची यादी लिहिताना माणूस मुद्दाम एंटर दाबतोच. फरक ओळखायचा असा: यादीत ओळ अर्थ पूर्ण झाल्यावर संपते, कॉपीत ती वाक्याच्या मध्येच तुटते आणि परिच्छेदाची शेवटची ओळ सोडली तर बाकीच्या जवळजवळ सारख्या लांबीच्या असतात.

उलटंही खरं आहे. ओळी सरळ दिसतात म्हणून मजकूर नवा लिहिलेला आहे असं नाही. वर्डच्या फाइलमधून कॉपी केलं तर परिच्छेद बहुधा नीटच येतात, आणि पीडीएफमधलं कोणी साफही करून पाठवू शकतं. म्हणून अटींचे क्रमांक मोजायची सवय प्रत्येक मेसेजला लावा.

आणि आपण पाठवतो तेव्हा?

आता स्वतःकडे बघा. आपणही जुन्या पीडीएफमधून अटी उचलतो आणि ग्राहकाला पाठवतो. ग्राहकालाही हीच करवत दिसते. शक्य असेल तर अख्खी पीडीएफच जोडा. मजकूरच द्यायचा असेल तर आधी वर्डमध्ये पेस्ट करा. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल तर Ctrl+H दाबून या क्रमाने बदला:

```
^p^p  ->  ##
^p    ->  (एक स्पेस)
##    ->  ^p
```

पहिल्या पायरीत खरे परिच्छेद बाजूला राखले जातात, दुसरीत मधली एंटरं जातात, तिसरीत परिच्छेद परत येतात. `^p` सापडलं नाही तर त्या जागी `^l` वापरून बघा. मात्र वरच्या नमुन्यासारख्या अटी सलग असतील, मध्ये रिकामी ओळ नसेल, तर हा उपाय सगळ्या अटी एकाच ढिगात मिसळून टाकेल. तिथे हातानेच ओळी जोडा. आणि सरकलेल्या वेलांट्या या उपायाने सुधारत नाहीत. ते शब्द पुन्हा टाइप करावे लागतात. तेवढ्यात वाचूनही होतं, आणि अजून कुठे "जकात" राहिली असेल तर तीही सापडते.

ताईंचे 40 खोके पुण्याला पोचले. तीन बरण्या फुटल्या. भेटू पुढच्या व्हिडिओत, तेव्हा बिल्टीचा प्रत्येक रकाना उघडून बघू.