विहीर नामंजूर, हे पहिल्याच ओळीत

बुलढाणा जिल्ह्यात ‘प्रस्ताव’ म्हटलं की सिंचन विहिरीचा, असं समजायला हरकत नाही. रोजगार हमीतून विहीर हवी म्हणून शेतकरी ग्रामपंचायतीत अर्ज देतो, ग्रामसभेचा ठराव होतो, फाईल पंचायत समितीत जाते. मग एके दिवशी पत्र येतं. पत्राची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी असते. पुढे तीन संदर्भ, शासन निर्णयाचे क्रमांक, योजनेचा उद्देश, आणि अगदी शेवटी, सहीच्या वरच्या ओळीत, ‘सबब आपला प्रस्ताव परत करण्यात येत आहे.’ शेतकरी ते पत्र घेऊन रोजगार सेवकाला विचारतो, ‘भाऊ, विहीर झाली का नाही?’

पत्र असं का लिहिलं जातं? लिहिणाऱ्याच्या मनात एक समज पक्की असते: नकार आधी दिला तर माणूस दुखावतो, कारणं आधी सांगितली तर त्याची तयारी होते. पूर्वी इंग्रजी व्यावसायिक पत्रलेखनाच्या पुस्तकांतही हेच शिकवायचे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या किटी लॉकर यांनी 1999 मध्ये त्याची प्रयोगाने तपासणी केली. काही विद्यार्थ्यांना नकाराची पत्रं सुरुवातीच्या गोड वाक्यांसह दिली, काहींना त्याशिवाय. वाचणाऱ्याच्या प्रतिक्रियेत त्या गोड वाक्यांनी फरक पडल्याचं दिसलं नाही. ते विद्यार्थी अमेरिकेतले होते, मेहकरचे शेतकरी नव्हते, हे खरं. पण अर्जाच्या उत्तराचं पाकीट फोडणारा माणूस कुठलाही असो, तो आधी एकच गोष्ट शोधतो: झालं की नाही? ते सापडेपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. म्हणजे निर्णयाआधी लिहिलेली कारणं नुसती चाळली जातात.

‘परत’ हा प्रकार तर त्याहून घातक. कार्यालयाला त्यातून दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असू शकतात. कागद अपुरे आहेत, जोडून आणा, ही त्रुटी झाली. ही जागा नियमात बसूच शकत नाही, ही नामंजुरी झाली. पहिलीत शेतकऱ्याने तलाठ्याकडे जायचं असतं, दुसरीत जाऊन उपयोग नसतो. पत्रात ते स्पष्ट नसेल तर तो नामंजुरीलाही त्रुटी समजतो आणि सातबारा, आठ-अ, जॉबकार्ड गोळा करत हेलपाटे घालतो.

दुसरी समज अशी की जितकी जास्त कारणं, तितका नकार भक्कम. एक काल्पनिक फाईल घेऊ. मेहकर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या प्रस्तावावर तीन शेरे आहेत: सातबारा जुना, जॉबकार्ड जोडलेलं नाही, आणि प्रस्तावित जागा गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 310 मीटरवर. पहिले दोन शेरे आठवड्यात दूर होतील. तिसरा मात्र त्या जागेवर कधीच दूर होणार नाही, कारण 4 नोव्हेंबर 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत सिंचन विहीर घेता येत नाही. तिन्ही शेरे एकाखाली एक, सारख्याच वजनाने लिहिले तर शेतकरी आधी सोपे दोन दूर करतो. त्यात पैसा आणि महिना जातो, आणि तिसऱ्यावर तो पुन्हा अडकतो.

त्याला जायला हवं ते पत्र पाच वाक्यांचं आहे:

‘आपल्या गटातील सिंचन विहिरीचा प्रस्ताव नामंजूर करण्यात आला आहे. प्रस्तावित जागा सार्वजनिक पाणीपुरवठा विहिरीपासून मोजणीनुसार 310 मीटरवर असून किमान 500 मीटर अंतर आवश्यक आहे. याच जागेसाठी पुन्हा अर्ज करू नये. 500 मीटरबाहेरील जागेसाठी नवा प्रस्ताव देता येईल, त्यासोबत चालू सातबारा व जॉबकार्डाची प्रत जोडावी. मोजणी मान्य नसल्यास फेरमोजणीसाठी या कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा.’

यात योजनेचं कौतुक नाही, ‘खेद वाटतो’ नाही, तरी पत्र उद्धट वाटत नाही. कारणातला आकडा तपासता येतो, हा त्याचा मोठा गुण. ‘नियमात बसत नाही’ यावर फक्त भांडता येतं. 310 मीटर ही गोष्ट टेप लावून पाहता येते. शिवाय असा आकडा असला की नियमातल्या सवलतीही उघड होतात. दोन सिंचन विहिरींमधल्या 150 मीटर अंतराची अट अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या लाभार्थ्यांना त्याच शासन निर्णयात शिथिल आहे. पत्रात नुसतं ‘अंतराअभावी’ लिहिलं तर कुठलं अंतर आडवं आलं आणि सवलत लागू होते का, हे अर्जदाराला कळायला मार्ग नाही.

कारण लिहून दिलं की माणूस अपिलात जाईल, त्यापेक्षा मोघम ठेवा, असा सल्ला कचेऱ्यांत जुने लोक नव्यांना देतात. कायदा उलट आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळायचा तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि अपिलाची मुदत व अपिलीय अधिकारी कोण हेही कळवावं लागतं. माहिती अधिकारात कलम 7(8) तेच सांगतं. रिझर्व्ह बँकेने 2007 पासून बँकांना कुठल्याही रकमेचं कर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवायला सांगितलं आहे. पीककर्जही त्यात आलंच. आणि मोघम ठेवून नंतर कोर्टात कारण जोडू, असं म्हणणाऱ्यांनी मोहिंदरसिंग गिल खटला पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं की आदेशाची वैधता आदेशातच नमूद केलेल्या कारणांवरून ठरेल, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून तो सावरता येणार नाही. तेव्हा मोघम पत्र कचेरीलाच गोत्यात आणतं.

निर्णय आधी, म्हणजे तोंडावरही तसंच फेकायचं का? इथे मात्र जुन्या समजुतीत थोडं तथ्य आहे. ॲलन मॅनिंग आणि निकोल अमारे यांनी 2017 मध्ये लोकांना वेगवेगळ्या प्रकारे दिलेल्या वाईट बातम्यांची तुलना करायला लावली. बहुतेकांना थेटपणाच आवडला. फक्त नातं तुटण्यासारख्या बातमीआधी ‘जरा बोलायचं होतं’ एवढी चाहूल बरी वाटली. चाहूल एका वाक्याची, प्रस्तावना नव्हे. स्थळाला नकार कळवताना मध्यस्थ मामा चहा, पाऊस, सोयाबीनचा भाव असं करत अर्धा तास घालवतात आणि शेवटी पत्रिकेवर ढकलतात. ‘दादा, निरोप तितका चांगला नाही, मुलीकडून नकार आहे’ इतकं आधी सांगितलं, की मुलाचा बाप निदान पुढची स्थळं बघायला मोकळा होतो.

आणि काहीच न कळवणं, हा सर्वांत सौम्य नकार समजला जातो. माहिती अधिकारात तो सरळ नकारच धरला आहे: ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सहसा 30 दिवसांत, निर्णय आला नाही तर कलम 7(2) प्रमाणे विनंती नाकारली असं मानलं जातं आणि पहिल्या अपिलाचे 30 दिवस सुरू होतात. विहिरीच्या अर्जदाराला मात्र गप्प बसलेल्या कचेरीमुळे हंगाम गमवावा लागतो. खोदाईचे दिवस उन्हाळ्याचे. नामंजुरी डिसेंबरात कळली तर दुसऱ्या गटातली जागा मोजून नवा प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवायला वेळ मिळतो. मे महिन्यात कळली तर पावसाळा तोंडावर आलेला असतो.