चारशे युरो परत आले, मग रुपये कुठे गेले?

समजा, सांगलीच्या एका शिक्षिकेने मे महिन्यात पॅरिसमधल्या हॉटेलचं बुकिंग केलं. रक्कम ४०० युरो, क्रेडिट कार्डावर. पुढे प्रवास रद्द झाला आणि हॉटेलने जूनमध्ये सगळेच्या सगळे ४०० युरो परत केले, एक सेंटही कापला नाही. तरी स्टेटमेंटमध्ये गेलेले रुपये ४१,६५२ आणि आलेले ३८,२१४. मधल्या ३,४३८ रुपयांचा पत्ता नाही. ग्राहकसेवेकडून उत्तर येतं, "मॅडम, तेवढ्यात एक्सचेंज रेट बदलला."

या उत्तरात खरं किती आणि खोटं किती, हे घरबसल्या पैशा-पैशापर्यंत शोधता येतं. त्यासाठी फक्त स्टेटमेंट, एक २३ अंकी क्रमांक आणि साधा भागाकार लागतो. हिशेब डोक्यात राहावा म्हणून इथले दर मी गोल आकड्यांत घेतले आहेत. रीत मात्र खऱ्या व्यवहाराचीच आहे.

पहिली नवलाची गोष्ट अशी, की कार्डाच्या जगात रिफंडचे पैसे गेल्या वाटेने परत येत नाहीत. खरेदीच्या वेळी हॉटेलच्या बँकेने युरोतली मागणी व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे पाठवली, नेटवर्कने त्या दिवशीच्या आपल्या दराने तिचे रुपये केले आणि ते आपल्या बँकेकडून वसूल केले. तो व्यवहार तिथेच संपला. महिन्याभराने हॉटेल रिफंड करतं तेव्हा उलट्या दिशेचा, पूर्णपणे नवा व्यवहार जन्माला येतो. त्याची तारीख नवी आणि दरही नवा. मे महिन्यातला दर त्याच्या खिजगणतीत नसतो. हॉटेलने बुकिंग त्याच दिवशी, मागणी पुढे जाण्यापूर्वी रद्द केलं असतं, तर कार्डावर नुसती अडकवून ठेवलेली रक्कम मोकळी झाली असती आणि दराचा प्रश्नच आला नसता. एकदा मागणी वटली, की मागे फिरणं नाही.

म्हणजे दर बदलला हे बँकेचं म्हणणं खोटं नाही. पण ते ३,४३८ रुपयांना पुरतं का?

आता हिशेब उलगडू. मे महिन्यात नेटवर्कचा दर होता एका युरोला १०० रुपये, म्हणजे ४०० युरोंचे ४०,००० रुपये. त्यावर बँकेने परकीय चलनाचा मार्कअप म्हणून साडेतीन टक्के लावले, १,४०० रुपये. मार्कअप ही बँकेची सेवा, म्हणून तिच्यावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. एकूण ४१,६५२. जूनमध्ये रिफंड आला तेव्हा नेटवर्कचा दर ९९ वर उतरला होता. त्या दराने ४०० युरोंचे ३९,६०० रुपये व्हायला हवेत. बाजाराने खाल्ले ते एवढेच, ४०० रुपये. मग खात्यात ३८,२१४च का आले?

इथे भागाकार करायचा. ३८,२१४ला ४००ने भागलं की ९५.५३५ येतात. बँकेने प्रत्यक्षात दिलेला दर हा. आता ९५.५३५ला ९९ने भागा. उत्तर येतं ०.९६५. एक वजा ०.९६५ म्हणजे ०.०३५, बरोबर साडेतीन टक्के! बाजारातला दर कधी पाऊण टक्का हलतो, कधी सव्वा दोन. तो नेमका आपल्या बँकेच्या मार्कअपएवढा, अगदी तिसऱ्या दशांशापर्यंत हलला असं घडणं जवळजवळ अशक्य. घटनास्थळी सापडलेल्या बोटाच्या ठशासारखा हा आकडा आहे. बँकेने जाताना मार्कअप वर चढवला आणि येताना तोच खाली कापला. भागाकारातून ४.१३ टक्के निघाले, तर समजावं की मार्कअपबरोबर त्याच्यावरचा जीएसटीही येताना कापला गेला आहे.

मला या हिशेबाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते यासाठी, की एका धूसर नुकसानाचे यातून तीन स्वच्छ तुकडे होतात. ४०० रुपये बाजाराचे. १,६५२ रुपये खरेदीच्या वेळचा मार्कअप आणि कर. १,३८६ रुपये रिफंडवर पुन्हा कापलेला मार्कअप. तिन्हींची बेरीज ३,४३८, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. पत्र लिहिताना या तीन तुकड्यांचं बळ सारखं नसतं. पहिला मागायचाच नाही, कारण दर उलट चढला असता तर तो फायदा आपणच घेतला असता. दुसऱ्यासाठी विनंती करता येते. काही बँका खरेदी रद्द झाल्यावर मार्कअप परत देतात, पुष्कळशा देत नाहीत. वादाचा खरा मुद्दा तिसरा तुकडा आहे.

मात्र हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: रिफंडच्या दिवशी नेटवर्कचा दर ९९च होता हे आपल्याला कसं कळणार? आणि तो दिवस तरी नेमका कोणता? हॉटेल म्हणतं आम्ही १० तारखेला पैसे सोडले, स्टेटमेंटवर १६ तारीख दिसते.

याचं उत्तर त्या २३ अंकी क्रमांकात दडलेलं आहे. त्याला एआरएन म्हणतात. नेटवर्कमधून जाणाऱ्या प्रत्येक वटलेल्या व्यवहाराला, रिफंडलासुद्धा, दुकानदाराची बँक तो देते. तो हॉटेलकडे किंवा आपल्या बँकेकडे मागितला की मिळतो. दिसायला ती अर्थहीन आकड्यांची माळ, पण प्रत्येक जागेला काम नेमून दिलेलं आहे. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सहा अंक दुकानदाराच्या बँकेची ओळख सांगतात. आठवा ते अकरावा अंक म्हणजे तारीख. त्यातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. तिथे ५१६३ असेल, तर २०२५ सालचा १६३वा दिवस. मेअखेरपर्यंत १५१ दिवस होतात, म्हणजे १२ जून. शेवटचा, तेविसावा अंक आधीच्या बाविसांवर पहारा देतो. कार्ड क्रमांकाच्या शेवटी जी तपासणी असते तीच इथेही आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. कोणताही एक अंक लिहिताना चुकला, तर ती चूक लगेच उघडी पडते.

तारीख हाती आली की नेटवर्कच्या संकेतस्थळावर जायचं. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांनीही तिथे चलनाचा कॅल्क्युलेटर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. दिवस निवडा, युरो आणि रुपया निवडा, रक्कम ४०० भरा आणि बँकेच्या शुल्काच्या चौकटीत शून्य टाका. त्या दिवशीचा दर समोर येतो. क्रमांकातली तारीख दुकानदाराच्या बँकेची असते आणि नेटवर्ककडे व्यवहार एखाद-दोन दिवसांनी पोचू शकतो, म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांचे दरही पाहावेत. खरेदीला आणि रिफंडला नेटवर्क किंचित वेगळा दर लावू शकतं, त्यामुळे थोडाफार फरक दिसला तर त्यावर वाद घालू नये. पण आसपासच्या सगळ्या दिवसांचे दर ९८.८० ते ९९.२० यांच्यात आहेत आणि आपल्याला मिळाले ९५.५३५, तर हा फरक तारखेच्या घोळातून येऊच शकत नाही. पडद्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा; फार जुने दर तिथे सापडत नाहीत.

आता पत्र लिहायला बसलं, की त्याला फार शब्द लागत नाहीत:

"विषय: परकीय चलनातील रिफंडवर चुकीचा दर लावल्याबद्दल तक्रार.

महोदय, माझ्या कार्डावर मे महिन्यात ४०० युरोंची खरेदी झाली व जूनमध्ये तेवढ्याच युरोंचा रिफंड आला. रिफंडचा एआरएन सोबत दिला आहे. त्यातील तारीख १२ जून २०२५ आहे. त्या दिवशी नेटवर्कचा प्रसिद्ध दर प्रति युरो ९९ रुपये होता (पडद्याची प्रत जोडली आहे). त्यानुसार ३९,६०० रुपये जमा व्हायला हवे होते. ३८,२१४ रुपये जमा झाले. १,३८६ रुपयांचा हा फरक ३९,६०० रुपयांच्या नेमका ३.५ टक्के, म्हणजे आपल्या मार्कअपएवढा आहे. दरातील बदलामुळे झालेले ४०० रुपयांचे नुकसान मला मान्य असून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कृपया (१) रिफंडवर मार्कअप कापण्याची तरतूद माझ्या कार्डाच्या कोणत्या अटीत आहे ते कलमासह कळवावे. तशी अट नसल्यास १,३८६ रुपये जमा करावेत. (२) खरेदी रद्द झाल्याने मूळ मार्कअप व त्यावरील जीएसटी, एकूण १,६५२ रुपये, परत करण्याचा विचार व्हावा. (३) रिफंडला लावलेला दर, त्याची तारीख व शुल्क यांचा लेखी तपशील द्यावा."

या पत्रातलं सर्वांत ताकदीचं वाक्य मला ४०० रुपये सोडून देणारं वाटतं. ते वाचल्यावर "दर बदलला" हे ठरावीक उत्तर पाठवायला जागाच उरत नाही, कारण बदललेला दर आपण आधीच हिशेबात धरलेला असतो. उरतं ते फक्त कलम दाखवणं किंवा पैसे देणं. काही बँकांच्या अटींत, विदेशी चलनातल्या प्रत्येक नोंदीवर, जमेच्या नोंदीवरही, शुल्क लागेल असं लिहिलेलं असू शकतं. तसं कलम निघालं तर पहिली मागणी ढिली पडते. म्हणून पत्र धाडण्यापूर्वी कार्डाच्या महत्त्वाच्या अटींचा कागद वाचून घ्यावा.

आणखी एका प्रसंगी हे पत्र लागू पडत नाही. परदेशी दुकानाने किंवा संकेतस्थळाने "रुपयांत भरता का?" असं विचारलं आणि आपण हो म्हटलं, तर दर तिकडच्या बँकेने ठरवलेला असतो. स्टेटमेंटवर युरोचा आकडा न दिसता थेट रुपये दिसतात, ही त्याची खूण. तेव्हा दराची दाद दुकानदाराकडे मागावी लागते.

आपल्या पत्राला मात्र कायद्याचं पाठबळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार ग्राहकाने बिलावर हरकत घेतली, तर बँकेने जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. म्हणून तक्रार लेखी करावी आणि तिचा क्रमांक जपावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे नव्याने काहीच मांडावं लागत नाही. तेच पत्र, तोच २३ अंकी क्रमांक, दराची तीच प्रत जोडायची. वाचणारा अधिकारी ३८,२१४ला ४००ने स्वतः भागून पाहू शकतो, आणि त्याचंही उत्तर ९५.५३५च येणार.