टॉवरचं पाणी की गॅसचे पाईप?

कलबुर्गीच्या मे महिन्यात भर दुपारी पारा बेचाळीसला जातो, पण हवा कोरडी असते. ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक तेव्हा तेवीस-चोवीस अंशच दाखवतो. या फरकामुळेच कूलिंग टॉवरचा मोह पडतो. चिलरने हॉटेलातून उपसलेली उष्णता टॉवर पाणी उडवून आकाशात सोडतो आणि अठ्ठावीस-एकोणतीस अंशांचं पाणी चिलरकडे परत पाठवतो. व्हीआरएफचं गच्चीवरचं युनिट मात्र तीच उष्णता बेचाळीस अंशांच्या हवेत ढकलत असतं. कागदावर चिलरच जिंकतो. तरीही या पट्ट्यातल्या मध्यम हॉटेलला खोल्यांसाठी मी व्हीआरएफच सुचवतो.

समजा, कलबुर्गीत साठ खोल्यांचं, एका मंगल कार्यालयाचं हॉटेल आहे. भर उन्हाळ्यात त्याचा एकत्रित भार नव्वद-शंभर टन भरेल. सरासरी पन्नास टन वीस तास चालले, तर दिवसाचे हजार टन-तास होतात. पंप आणि टॉवरचे पंखे धरून चिलरला टनामागे साधारण 0.95 किलोवॅट लागतात आणि व्हीआरएफला त्या उन्हात 1.2 च्या आसपास. म्हणजे चिलर रोज अडीचशे युनिट वाचवतो.

आता पाणी. टन-तासामागे सुमारे सहा लिटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे दिवसाला सहा हजार. पण वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टॉवरमध्येच साठत राहतात. शहाबाद-सेडमच्या चुनखडीच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी मुळातच जड. ते दुपटीपेक्षा जास्त आटू दिलं, तर कंडेन्सरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो. म्हणून जेवढं उडतं जवळपास तेवढंच पाणी गटारात सोडावं लागतं. एकूण झालं रोजचं बारा हजार लिटर. शंभर पाहुण्यांना माणशी 180 लिटर धरले तर अठरा हजार लागतात. वातानुकूलनच त्याच्या दोन-तृतीयांश पाणी पिऊन टाकतं आणि तेही नेमकं बोअर आटतात त्या महिन्यांत. सॉफ्टनर बसवून पाणी चौपट आटू दिलं, तर हा खर्च आठ हजार लिटरवर येतो. पण मिठाच्या गोण्या आणि रोजची तपासणी मागे लागते. टँकरचा भाव अडीचशे युनिटांच्या बिलाला भिडला की बचत संपली.

हवेवर थंड होणारा चिलर घेतला तर पाण्याचा प्रश्न मिटतो, पण विजेचा फायदाही जातो. शिवाय इथला पाहुणा सारखा येत नाही. गाणगापूरला दत्तदर्शनाला जाणारी मराठी कुटुंबं पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला गर्दी करतात, बंदेनवाजांच्या उरुसात कलबुर्गी भरते, नानक झिरा साहिबच्या यात्रेला बीदर. मधल्या दिवसांत पंधरा खोल्या लागल्या तरी पुष्कळ. पंधरा खोल्यांना पंधरा-वीस टन लागतात. त्यासाठी मोठा चिलर सारखा चालू-बंद होतो आणि पंप मात्र फिरतच राहतात. व्हीआरएफचा कॉम्प्रेसर मागणीप्रमाणे वेग कमी करतो. इथला निर्णय खरं तर या रिकाम्या रात्रींवर होतो.

कार्यालयाचा हिशेब वेगळा. तीनशे माणसांना भरपूर ताजी हवा लागते आणि व्हीआरएफची खोलीतली युनिटं मुख्यतः तीच हवा फिरवत राहतात. तिथे ताज्या हवेची सोय असलेली स्वतंत्र डक्टची यंत्रं घ्यावीत. लग्न असेल तेव्हाच ती चालू करायची.

व्हीआरएफची खरी जोखीम गॅसची. आर-410ए हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नसतो. तो गळला तर खोलीतला प्राणवायू बाजूला सारतो. घनमीटरला 420 ग्रॅम ही त्याची मर्यादा. पंचेचाळीस घनमीटरच्या खोलीत ती एकोणीस किलोंना गाठली जाते. मजल्यावरच्या वीस खोल्या एकाच मोठ्या सर्किटवर टाकल्या आणि त्यात पस्तीस किलो गॅस असला, तर एका झोपलेल्या पाहुण्याच्या खोलीत तो सगळा उतरू शकतो. म्हणून मजल्याला दोन-तीन छोटी सर्किटं करावीत. दोन पैसे जास्त जातात, पण एक बिघडलं तरी मजला बंद पडत नाही.

गच्चीवर युनिटं कठड्याला चिकटवून दाटीने मांडली तर एकाची गरम हवा दुसरं ओढतं. दुपारी युनिटच्या मागे तापमापक धरावा. रस्त्यावरच्या सावलीपेक्षा तिथे पाच अंश जास्त दिसले तर मांडणी चुकली आहे.

पाईप जोडताना आतून नायट्रोजन वाहता ठेवला नाही तर तांब्याला काजळी धरते आणि ती पुढे झडपांत अडकते. मग चाळीस बारच्या दाबाची चाचणी, चोवीस तास. इथे एक गफलत होते. दुपारी चाळीस अंशांत दाब भरला आणि पहाटे पंचवीस अंशांत काटा पाहिला, तर गळती नसतानाही तो सुमारे दोन बारने उतरलेला असतो. दोन्ही वेळचं तापमान काट्याशेजारी लिहून ठेवावं. पारा पुन्हा चाळीसला आल्यावर काटा जागेवर परतला नाही, तरच साबणाचं पाणी घेऊन सांधे शोधायला निघावं.

दीडशे खोल्या, वर्षभर सारखी वर्दळ आणि सांडपाणी शुद्ध करून टॉवरला देण्याची स्वतःची सोय असेल, तर मात्र मी चिलरकडे वळेन.