जॉबवर्कला पाठवलेला माल म्हणजे विक्री नव्हे

मिरजोळे एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड टिकायचे तर गॅल्व्हनायझिंग हवे, म्हणून १० जून २०२५ ला २ लाख ४० हजारांच्या लोखंडी फ्रेम कोल्हापूरला जॉबवर्कला गेल्या.

‘माल गेटबाहेर गेला म्हणजे जीएसटी लागला’ हा पहिला गैरसमज. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार नोंदणीकृत मालक कच्चा किंवा अर्धवट तयार माल कर न भरता जॉबवर्करकडे पाठवू शकतो, कारण मालकी बदललेली नसते. कर लागतो तो मजुरीवर. गॅल्व्हनायझिंगचे ३० हजार झाले, तर नोंदणीकृत जॉबवर्कर त्यावर १८ टक्के, म्हणजे ५,४०० रुपये लावेल. त्याचे क्रेडिट नेहमीच्या अटींवर वर्कशॉपला मिळते. जस्त जॉबवर्करचे असले तरी हे जॉबवर्कच राहते. स्वतःचे सामान वापरायला त्याला मुभा आहे.

‘कर नाही, मग कागद कशाला?’ हा समज जास्त महागात पडतो. मालासोबत डिलिव्हरी चलन हवेच; त्यावर मालाचे वर्णन, नग किंवा वजन आणि किंमत लिहायची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल एक लाखाहून जास्त किमतीचा असेल तर ई-वे बिल काढावे लागते. हाच माल बेळगाव किंवा गोव्याला पाठवला, तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतेच. चलनांचा हिशोब पुढे ITC-04 या फॉर्ममध्ये द्यायचा. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर तो वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत भरायचा.

‘माल कधीही परत आणला तरी चालतो’ हा तिसरा समज आणि खरी अडचण इथेच होते. मुदत एक वर्षाची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आयुक्त ती आणखी एक वर्षापर्यंत वाढवू शकतात. समजा, ६० हजारांच्या फ्रेम कोल्हापुरातच पडून राहिल्या आणि वर्ष उलटले. मग त्या १० जून २०२५ लाच, म्हणजे पाठवल्या त्याच दिवशी विकल्या, असे कायदा धरतो. १८ टक्क्यांनी १०,८०० रुपये कर आणि त्या तारखेपासूनचे व्याज भरावे लागते. मुदत संपल्यापासून व्याज सुरू होते असे अनेकजण धरून चालतात, ते चूक आहे.

डाय, मोल्ड, जिग-फिक्श्चर आणि टूल्सना मात्र ही मुदत लागू नाही. इतर यंत्रसामग्रीला तीन वर्षे मिळतात.

माल तुकड्यातुकड्याने परत येत असेल, तर प्रत्येक खेपेला मूळ चलनाचा नंबर टाकून शिल्लक मांडा. वर्ष भरण्याच्या महिनाभर आधी ही शिल्लक जॉबवर्करच्या वहीशी ताडून पाहा आणि उरलेला माल उचलून आणा.