विश्लेषण : महागाई दोन टक्क्यांनी वाढली, तर व्याजदर तीन टक्क्यांनी का वाढवावा लागतो?

महागाई वाढली की मध्यवर्ती बँका व्याजदर वाढवतात, हे आपल्याला माहीत असते. पण नुसती वाढ पुरेशी नसते. ती महागाईतील वाढीपेक्षा जास्त असावी लागते. यालाच ‘टेलर तत्त्व’ म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून हे नाव पडले.

हिशेब काय?

कर्ज घेणारा केवळ व्याजदर पाहत नाही. महागाई वजा केल्यावर उरणारा ‘खरा’ व्याजदर त्याच्यासाठी महत्त्वाचा असतो. समजा, महागाई ४ टक्के आणि व्याजदर ७ टक्के आहे. म्हणजे खरा दर ३ टक्के. आता महागाई ६ टक्क्यांवर गेली आणि बँकेने दर ८ टक्के केला, तर बातमी दरवाढीची असेल, पण खरा दर २ टक्क्यांवर घसरलेला असेल. कर्ज प्रत्यक्षात स्वस्त झाले. लोक आणखी कर्ज काढतील, मागणी वाढेल आणि महागाईला खतपाणी मिळेल. दर ९ टक्के केला, तर खरा दर ३ टक्केच राहील, म्हणजे ब्रेक लागणारच नाही. टेलर यांच्या सूत्रानुसार महागाईतील प्रत्येक एक टक्का वाढीमागे दर दीड टक्का वाढायला हवा. म्हणजे इथे तो १० टक्के होईल आणि खरा दर ४ टक्क्यांवर जाईल.

अमेरिकेत काय घडले?

१९७५ मध्ये अमेरिकेत महागाई सुमारे ९ टक्के होती. मंदी असल्याने फेडरल रिझर्व्हचा दर वर्षभरात सरासरी ६ टक्क्यांच्या आतच राहिला. खरा दर शून्याखाली गेला. दशकाच्या अखेरीस महागाई पुन्हा दोन अंकी झाली. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर अध्यक्ष झाले. १९८१ मध्ये महागाई सुमारे १० टक्के असताना सरासरी दर १६ टक्क्यांवर होता. १९८३ मध्ये महागाई ३ टक्क्यांच्या आसपास उतरली. त्याची किंमतही मोठी होती : १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली.

क्लॅरिडा, गाली आणि गर्टलर यांनी २००० मध्ये या दोन कालखंडांची तुलना केली. व्होल्कर यांच्याआधी महागाईच्या अंदाजातील एक टक्का वाढीला फेडचा प्रतिसाद सुमारे ०.८३ टक्के होता. नंतर तो दोन टक्क्यांहून अधिक झाला.

मर्यादा कोणती?

खरा दर ठरतो तो लोकांना पुढे अपेक्षित असलेल्या महागाईवरून, आणि ती थेट मोजता येत नाही. खराब पिकामुळे भाजी महिनाभर महागली, तर लगेच दर वाढवण्याची गरज नसते. पण ती महागाई टिकेल असे लोक धरून चालले आणि पगार-भाडी त्यानुसार ठरू लागली, तर अर्धवट दरवाढ उपयोगाची ठरत नाही.