आबा म्हणाले वहिवाट, कागदावर आली मालकी

ही एका घरातली गोष्ट आहे. माणसं कल्पित आहेत, पण त्यांच्यावर ओढवलेला पेच कायद्याच्या पुस्तकातला, अगदी खरा आहे. आईवडील मुलाकडे परराज्यात राहायला गेलेल्या कोणत्याही मराठी घरात तो उद्या उभा राहू शकतो.

आबा मूळचे साताऱ्याचे. तिथलं घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, वडिलोपार्जित नव्हे. पहिली बायको गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा मुलगा आणि मुलगी जाणते होते. दुसऱ्या बायकोला सगळे माई म्हणत. माईंना स्वतःचं मूल झालं नाही. म्हातारपणी आबा आणि माई मुलाकडे बंगळुरूला राहायला आले आणि तिथेच आबांनी मृत्युपत्र करायचं ठरवलं. वकील कन्नड आणि इंग्रजी जाणणारे, आबांना दोन्ही येत नव्हतं. मग दुभाषी म्हणून नात बसली. कॉलेजात शिकणारी, इंग्रजी फाडफाड बोलणारी, घरात मराठी बोलणारी मुलगी. आजोबांचं बोलणं हिच्याइतकं कुणाला कळणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

आबा म्हणाले, "घर माईच्या वहिवाटीला राहू दे. तिच्यामागं दोघा पोरांनी निम्मं निम्मं घ्यावं." मुदत ठेवी त्यांनी मुलीच्या नावे सांगितल्या.

साताऱ्याच्या माणसाला वहिवाट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. राहणं, वापरणं, भाडं आलं तर ते घेणं, घराची राखण करणं, एवढं सगळं त्यात येतं. घर विकणं त्यात येत नाही. बंगळुरूत वाढलेल्या नातीनं हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. वकिलांनी विचारलं, "म्हणजे ओनरशिप ना?" तिनं क्षणभर विचार केला आणि हो म्हणाली. पुढचं वाक्य तिनं सांगितलं ते असं, की आजोबांची इच्छा आहे, माईंनी ते पुढे दोघा मुलांना द्यावं. वकिलांना ती निव्वळ इच्छा वाटली आणि त्यांनी ती कागदावर घेतली नाही. इंग्रजी मसुद्यात घराचं कलम एका ओळीत संपलं: माझं साताऱ्याचं घर मी माझ्या पत्नीला देत आहे.

शेवटी छापील नमुन्यातलं नेहमीचं वाक्य आलं. वरील मजकूर मृत्युपत्रकर्त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आणि तो बरोबर असल्याचं त्यानं मान्य केलं. त्याखाली आबांची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि "समजावून सांगणार" म्हणून नातीची सही. प्रत्यक्षात तिनं वाचून दाखवलं ते असं: "आबा, तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलंय. घर माईला, ठेवी आत्याला." आबांनी मान डोलावली. घर माईला, हे त्यांच्या मनातल्या अर्थानं बरोबरच होतं.

आबा गेले. माई साताऱ्याला परतल्या. मृत्युपत्र दाखवून त्यांनी मिळकत पत्रिकेवर आपलं नाव लावून घेतलं आणि मुलांनी हरकत घेतली नाही, कारण माई तिथे राहणार हे ठरलेलंच होतं. पुढची काही वर्षं माईंचं दुखणंखुपणं कऱ्हाडच्या त्यांच्या भाच्यानं पाहिलं. जाण्याआधी माईंनी मराठीत आपलं मृत्युपत्र केलं आणि घर भाच्याला दिलं. तो फेरफाराची नोटीस घेऊन आला तेव्हा मुलांनी पहिल्यांदा आबांचं मृत्युपत्र नीट वाचलं.

यात कुणी लबाडी केली नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण कठीण आहे. फसवणूक झाली असती तर कायद्याकडे तिच्यावर उत्तर आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६१ नुसार फसवून किंवा दबावाखाली करवून घेतलेलं मृत्युपत्र, किंवा त्याचा तसा भाग, रद्दबातल ठरतो. इथे फसवणूक नाही. प्रामाणिक मुलीनं प्रेमानं केलेली चूक आहे.

मुलांपुढे दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे मृत्युपत्र मान्य करायचं आणि त्याचा अर्थ आबांच्या मनातला लावा, असं न्यायालयाला सांगायचं. याच अधिनियमाचं कलम ९५ इथे आडवं येतं. मिळकत एखाद्याला दिली आणि ती मर्यादित हक्कानंच द्यायची होती असं मृत्युपत्रातून दिसत नसेल, तर घेणाऱ्याला देणाऱ्याचा संपूर्ण हक्क मिळतो. "हयातीपर्यंत" हा शब्द लिहिलेला नसेल तर कायदा तो मनानं घालत नाही. न्यायालय संपूर्ण मृत्युपत्र एकत्र वाचतं, तांत्रिक शब्दांचा हट्ट धरत नाही आणि एखाद्या नावातली किंवा वर्णनातली उघड चूक बाजूला सारून हेतू शोधतं, हे खरं. पण तो हेतू कागदावरच्या शब्दांत सापडावा लागतो. शब्द स्पष्ट असतील तर "आबा आम्हाला असं बोलले होते" हे सांगून ते फिरवता येत नाहीत. "मी माझ्या पत्नीला देत आहे" यात अस्पष्ट असं काहीच नाही. माई मालक झाल्या आणि मालकानं घर कुणालाही द्यावं.

दुसरी वाट म्हणजे मृत्युपत्रालाच आव्हान द्यायचं. आबांना इंग्रजी येत नव्हतं, कागदात काय आहे ते त्यांना कळलंच नव्हतं, असं म्हणायचं. या वाटेला आधार भक्कम आहे. मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानं ते सिद्ध करायचं असतं, आणि शंकास्पद परिस्थिती असेल तर ती त्यानंच दूर करायची असते. सर्वोच्च न्यायालयानं १९५८ साली एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आजही न्यायालयं त्याच निकालापासून सुरुवात करतात. मृत्युपत्रकर्त्याला मजकुराचं स्वरूप आणि परिणाम समजला होता, हे दाखवावं लागतं. भाषा परकी असेल तेव्हा ही जबाबदारी आणखी जड होते.

आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येते नात. ती खरं सांगेल: मला वहिवाट हा शब्द कळला नव्हता, मी आजोबांना कलम शब्दशः वाचून दाखवलं नाही. समोरचा वकील तिच्यापुढे मृत्युपत्राचं शेवटचं पान धरेल. मजकूर समजावून सांगितला, त्याखाली सही कुणाची? तिचीच. आणि मृत्युपत्र पडलं तर घरात हिस्सा कुणाला मिळणार? तिच्या वडिलांना. त्या दिवशी तिच्याइतका जवळचा साक्षीदार नव्हता, आणि आज तिच्याइतकी हितसंबंधी साक्षही दुसरी नाही. न्यायाधीशांना तिचं पटेलही. पण तिची सही तिच्याच विरुद्ध बोलते आहे, हे ओझं तिच्या साक्षीवर राहणारच.

समजा मुलं जिंकली आणि मृत्युपत्र रद्द झालं. तरी आबांची इच्छा पुरी होत नाही. मग आबा मृत्युपत्र न करताच गेले असं धरून हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. पत्नी, मुलगा, मुलगी हे वर्ग १ चे वारस, तिघांचे हिस्से सारखे. घराचा एक तृतीयांश हिस्सा माईंच्या पूर्ण मालकीचा ठरतो आणि त्यांच्या मृत्युपत्रानं भाच्याकडे जातो. मुलांना निम्मं निम्मं नव्हे, तर एकेक तृतीयांश मिळतं आणि तिसरा हिस्सेदार परका. शिवाय पूर्ण मृत्युपत्र गेलं तर मुलीला मिळालेल्या ठेवीही वाटणीत येतात. जिंकूनही आत्याच्या पदरी कदाचित कमीच पडेल.

शब्द बरोबर लिहिला असता तर सगळं निर्धास्त झालं असतं का? तसंही नाही. १९५६ च्या अधिनियमातलं कलम १४ स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची मानतं. मृत्युपत्रानं मुद्दाम मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो, अशी त्यात सोय आहे. पण पत्नीला मुळातच असलेल्या पोटगीच्या हक्कापोटी ती मिळकत दिली असेल, तर मर्यादा गळून पडते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली तुलसम्मा खटल्यात ठरवलं. पुढे यावर परस्परविरोधी निकाल आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. माझ्या मते हा वाद समोर दिसत असताना तर मसुद्यात जास्तच काटेकोर असायला हवं. राहण्याचा हक्क किती काळ, भाड्यावर देता येईल का, विकता येईल का, आणि नंतर मालकी कुणाची, ही चारही उत्तरं सुटी सुटी लिहावीत. एका शब्दावर भार टाकू नये.

हे टाळणं किती सोपं होतं याची चुटपुट लागते. मृत्युपत्र इंग्रजीत असावं असा कायदा नाही. ते मराठीत, साध्या कागदावर, स्वतःच्या हातानं लिहिता येतं. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदारांचं साक्षांकन हवं, आणि साक्षीदारांना मजकूर माहीत असण्याचीही गरज नाही. बंगळुरूत नोंदवायचंच असेल आणि तिथल्या दुय्यम निबंधकाला मराठी येत नसेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १९ प्रमाणे सोबत खरं भाषांतर जोडावं लागतं. मूळ कागद मात्र आबांच्या शब्दांतला राहिला असता, त्यात वहिवाट हा शब्द असता, "तिच्यामागं" हा शब्दही असता, आणि मराठी जाणणाऱ्या न्यायाधीशापुढे तोच उभा राहिला असता.

मसुदा परक्या भाषेतच करायचा असेल तर दुभाषी घरातला नको, निदान ज्याच्या घरात हिस्सा जाणार आहे तो तरी नको. मसुदा झाल्यावर आधीचं संभाषण न ऐकलेल्या दुसऱ्या माणसानं तो कलमागणिक मराठीत सांगावा. मग वडीलधाऱ्यांना "बरोबर आहे ना?" असं विचारू नये, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. "माई हे घर विकू शकतात का?" असं विचारावं. आबांनी ताडकन नाही म्हटलं असतं आणि चूक त्याच टेबलावर सापडली असती.

मृत्युपत्र करणारा हयात आहे तोवर दुरुस्तीला अडचण नाही. नवं मृत्युपत्र करता येतं किंवा पुरवणी जोडता येते, तिलाही दोन साक्षीदार लागतात. तो गेल्यावरही माई हयात होत्या तोवर मुलांनी त्यांच्याशी बसून कौटुंबिक समझोता करून, नोंदवून घेता आला असता. माईंनी नाही म्हटलं असतं असं मला वाटत नाही. त्यासाठी आबांचा कागद वेळेवर वाचायला हवा होता.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना न येणाऱ्या भाषेत मृत्युपत्र केलं असेल, तर ते हिंडतेफिरते आहेत तोवर कपाटातून काढा, त्रयस्थ माणसाकडून मराठीत वाचून घ्या आणि प्रत्येक कलमाला विचारा: हे विकण्याचा हक्क कुणाला?