पाठाचा पत्ता नीट लिहिलेला असावा

तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी विभागातल्या संगणकावर ‘फूट ड्रॉप’चा पाठ शोधत होती. पाऊल वर उचलता येत नाही, चालताना पुढचा भाग जमिनीला घासतो, ती ही अवस्था. तिने peroneal टाइप केलं, काहीच मिळालं नाही. घाईत एक अक्षर चुकून perineal झालं, तर मांड्यांच्या मधल्या भागावरचे चार पाठ समोर आले. तिला हवा होता तो चाळीस मिनिटांचा उत्तम पाठ त्याच संगणकावर होता. त्याचं नाव होतं ‘लेक्चर 37 फायनल न्यू’, आणि विषयाच्या रकान्यात एकच शब्द होता: fibular.

शरीररचनेच्या ध्वनिचित्रित पाठांच्या नोंदी करण्याचं काम मी काही वर्षं करतो आहे. पाठात काय आहे हे सांगणाऱ्या या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. ग्रंथालयातल्या सूचिपत्रासारखंच हे काम आहे. पण शरीररचनेत ते जास्त अवघड होतं, कारण इथे एकाच वस्तूला दोन-तीन नावं असतात आणि ती सगळी अजून वापरात असतात.

त्या विद्यार्थिनीचीच नर्व्ह घ्या. कंबरेतून येणारी जाड सायॅटिक नर्व्ह बहुधा गुडघ्यामागच्या खळग्याच्या वरच्या टोकाशी दुभंगते. तिची बाहेरची शाखा नडगीच्या बाहेरच्या बारीक हाडाला, म्हणजे फिब्युलाला, त्याच्या मानेशी वळसा घालून पुढे येते. ‘फिब्युला’ हा लॅटिन शब्द, अर्थ वस्त्राला लावायची टाचणी. ग्रीकमध्ये तशाच टाचणीला ‘पेरोने’ म्हणतात. म्हणून या नर्व्हला कोणी कॉमन फिब्युलर म्हणतं, कोणी कॉमन पेरोनिअल. नावांचा हा गोंधळ आवरायला शरीररचनातज्ज्ञांनी 1895 साली बासेलमध्ये पहिली मान्य यादी केली. आज चालते ती ‘टर्मिनोलॉजिआ अ‍ॅनाटॉमिका’, पहिली आवृत्ती 1998 ची. तिने ‘फिब्युलर’ला पहिलं स्थान दिलं. त्याच्या समर्थनार्थ नेहमी सांगितलं जाणारं एक कारण म्हणजे ‘पेरोनिअल’ आणि ‘पेरिनिअल’ यांच्यातली गल्लत. देवनागरीत तर फरक एका मात्रेचा आहे.

पण यादी बदलली म्हणून वॉर्ड बदलत नाही. ऑर्थोपेडिक्सचे डॉक्टर अजून ‘पेरोनिअल’च म्हणतात, जुन्या प्रश्नपत्रिकांत तेच आहे. म्हणून नोंदीत प्रमाण नाव एकच लिहावं, पण बाकीची नावं पर्याय म्हणून जोडावीत. आमच्या नोंदीत फक्त प्रमाण नाव होतं. शास्त्राच्या दृष्टीने ती बिनचूक होती, आणि नेमक्या वेळी निरुपयोगी ठरली.

दुसरा प्रश्न संस्थेचा. प्रमाण यादी शरीर संस्थांनुसार मांडते: 1998 च्या आवृत्तीत हाडं A02, स्नायू A04, मज्जासंस्था A14. विच्छेदनाच्या टेबलावर मात्र आपण पाय उघडतो, संस्था नाही. तिथे हाड, स्नायू, नर्व्ह एकमेकांना चिकटून असतात. हा पाठ कुठे टाकायचा?

उत्तर पाठातच आहे. फिब्युलाच्या मानेशी ही नर्व्ह कातडीखाली, हाडाला लागून जाते. तिथलं हाड मोडलं, प्लास्टर घट्ट बसलं किंवा तासन्‌तास उकिडवं बसून काम केलं तर ती दबते. कुष्ठरोगात ती इथेच जाड होते आणि बोटांना जाणवते. दबली की पाऊल वर उचलणारे आणि बाहेर वळवणारे स्नायू दुबळे होतात. आता परीक्षक विचारतो: पाऊल आत वळवता येतं का? येतं, कारण ते काम करणाऱ्या मुख्य स्नायूंपैकी पोटरीतल्या स्नायूला टिबिअल ही दुसरी शाखा चालवते. तीही ताकद गेली असेल तर इजा फिब्युलापाशी नसून वर, कदाचित कंबरेतल्या पाचव्या मुळाशी, असण्याचा संशय घ्यायचा. पाठाचा खरा गाभा हा आहे. फक्त ‘मज्जासंस्था’ लिहिलं तर फिब्युलाचं फ्रॅक्चर शोधणाऱ्याला तो मिळणार नाही, आणि सगळ्या संस्था सारख्याच वजनाने लिहिल्या तर प्रत्येक शोधात तो नको तिथे डोकावेल. म्हणून मुख्य संस्था एक, संबंधित संस्था दोन आणि प्रदेश वेगळ्या रकान्यात, असं आम्ही ठरवलं.

तिसरा रकाना परीक्षेचा, आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. शिक्षकाला विचारलं की पाठ किती महत्त्वाचा, तर तो ‘अत्यंत’ म्हणतो. मग सगळ्याच पाठांना पाच तारे मिळतात आणि ताऱ्यांना अर्थ उरत नाही. त्याऐवजी अभ्यासक्रमाचाच सांकेतिक क्रमांक लिहावा. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला काय यायला हवं याचे क्रमांक आहेत. फूट ड्रॉपचा शरीररचनात्मक पाया समजावून सांगणं हे AN18.3. पातळी KH, म्हणजे केवळ माहीत असणं पुरेसं नाही, ‘कसं’ हेही सांगता आलं पाहिजे. म्हणजे प्रश्न ‘नर्व्हच्या शाखा लिहा’ असा येण्यापेक्षा ‘प्लास्टरनंतर पाऊल लोंबू लागलं, का?’ असा येण्याची शक्यता जास्त. पण हा क्रमांकही कायमचा नसतो. आयोगाने 2024 मध्ये सुधारित आवृत्ती काढली, त्यामुळे कोणत्या आवृत्तीचा क्रमांक हेही लिहावं लागतं. जुनी नोंद चुकीची दिसत नाही, ती गुपचूप चुकीची होते.

दुरुस्त केलेली नोंद अशी आहे:

```
title: फूट ड्रॉप: नर्व्ह कुठे दबते?
language: mr
term: nervus fibularis communis
synonyms: common fibular nerve,
  common peroneal nerve, कॉमन पेरोनिअल
system: nervous
related: bones, muscles
region: leg
competency: AN18.3 (2019)
level: KH
```

यातही मर्यादा आहेत. पाठ किती चांगला आहे हे नोंद सांगत नाही, आणि नोंदीत फिब्युला असला म्हणून पाठात तो खरोखर दाखवलेला असेलच असं नाही. पाठ प्रत्यक्ष न पाहता शीर्षकावरून नोंद भरली की ही चूक होते. आम्हीही ती केली होती: टिबिअल नर्व्हच्या एका पाठावर ‘फूट ड्रॉप’ लिहिलं गेलं, कारण शिक्षकाने शेवटी त्याचा एकदा नुसता उल्लेख केला होता.

नोंद चालते की नाही हे ओळखायची एक साधी कसोटी आम्ही पाळतो. पाठ न पाहिलेल्या तीन विद्यार्थ्यांना संगणकापुढे बसवायचं आणि सांगायचं, की तुझ्या तोंडी येईल त्या शब्दात शोध. एक ‘पेरोनिअल’ लिहितो, एक ‘फिब्युला फ्रॅक्चर’, एक ‘पाऊल उचलत नाही’. तिसऱ्याला पाठ मिळाला नाही तेव्हा ते मराठी शब्दही पर्यायांत घातले. आता तिघांनाही तो पहिल्या पानावर मिळतो.

आपल्या महाविद्यालयात पाठ साठवले जात असतील तर नोंदी भरणाऱ्यांनी एवढं करावं: पाठ संपेपर्यंत पाहावा, मगच रकाने भरावेत, आणि अभ्यासक्रम बदलला की जुन्या नोंदी पुन्हा उघडाव्यात.